जपानी विद्यापीठासाठी सीव्ही

इंग्रजी अकॅडेमिक सीव्ही जपानी विद्यापीठाला पाठवायचाय. नुसतं जपानीत भाषांतर केलं तर चालेल का?

नाही, बहुतेक ठिकाणी त्याचे दोन कागद करावे लागतात: रिरेकिशो, म्हणजे शिक्षण-नोकरीचा तक्ता, आणि प्रकाशनांची वेगळी यादी. तक्ता जुन्याकडून नव्याकडे जातो, नेहमीच्या सीव्हीच्या उलट, आणि प्रत्येक नोंदीला वर्ष-महिना लागतो. यादीत पुस्तकं, समीक्षित लेख आणि परिषदांतली सादरीकरणं वेगवेगळी काढा. सहलेखक गाळू नका, स्वतःच्या नावाखाली रेघ ओढा. सम्राटांची कालगणना, म्हणजे प्रत्येक राजवटीच्या नावाने १ पासून वर्षं मोजायची पद्धत, मागितली असेल तर घोळ २०१९ मध्ये होतो: ३० एप्रिलपर्यंत हेइसेई ३१, १ मेपासून रेइवा १. म्हणून मार्च २०१९ची पीएचडी हेइसेई ३१, पण एप्रिल २०२१ची नोकरी रेइवा ३. या कालगणनेत मध्येच इसवी सन मिसळलात तर निष्काळजीपणा लगेच दिसतो. मात्र विद्यापीठाने स्वतःचा नमुना दिला असेल, तर रकाने आणि क्रम त्यातलेच ठेवा.