परदेशात घरून सणासाठी फराळाच्या ऑर्डर घेते. साहित्य, वेळ आणि घरपोच पोहोचवणे धरून किलोचा भाव कसा ठरवू?

मायदेशातल्या भावाचे चलन बदलून दर काढू नका. आधी एक घाणा करून विकण्याजोगा माल किती उरतो ते तोला आणि खर्चाला त्याच वजनाने भागा.

समजा, साडेपाच किलो तळण झाले, पण अर्धा किलो तुटले, म्हणजे भागाकार पाचानेच करायचा. स्थानिक चलनात साहित्याचे 40, डबे आणि इंधनाचे 8, आणि मळण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या 6 तासांचे, ताशी 12 प्रमाणे, 72 धरले, तर एकूण 120 होतात आणि किलोला 24 पडतात. हा नुसता खर्च आहे. नफा त्यावर लावावा. साहित्यात कढईत उरलेले आणि पुन्हा न वापरता येणारे तेलही धरा, कारण हिशेब तिथे सहज चुकतो. तासाचा दर तुमच्या शहरातल्या किमान वेतनाहून कमी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरपोच देण्याचा आकार किलोच्या भावात मिसळू नका, नाहीतर स्वतः येऊन नेणाऱ्यावर तो भार पडतो. दोन तासांच्या एका फेरीचे वेळेसह 32 होत असतील आणि वाटेत आठ घरे असतील, तर प्रत्येकी 4 पुरतात. एकाच घरासाठी तेवढीच फेरी मारावी लागली, तर मात्र पूर्ण 32 सांगावे लागतात, म्हणून भागानुसार वार ठरवून द्या.

सणाच्या तोंडावर साहित्य महागू शकते, त्यामुळे दर जाहीर करण्यापूर्वीच टिकाऊ जिन्नस भरून ठेवा.