गोळीला बाटली, कॅप्सूलला खाली मान

प्रश्न: डॉक्टरांनी साखरेसाठी मेटफॉर्मिन एसआर १००० लिहून दिली आहे. गोळी एवढी लांबडी की जिभेवर ठेवली तरी ओकारी येते. जेवताना काही त्रास नाही. चुरून घेतली तर चालेल का?

चुरू नका. एसआर म्हणजे औषध पोटात हळूहळू, काही तासांत सुटावं अशी बनवलेली गोळी. चुरली की ते एकदम सुटतं. आधी बाटलीने घेऊन बघा.

मी दादरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, हीच तक्रार काउंटरवर नेहमी येते. बहुतेकजण गोळी जिभेच्या पार मागे ठेवतात. तिथे काही टेकलं की ओकारी येणारच. शिवाय गिळू की नको या विचारात गोळी तोंडातच विरघळायला लागते आणि कडू होते.

अर्ध्या लिटरची पातळ प्लास्टिकची, सहज चेपणारी बाटली पाण्याने भरून घ्या. एक घोट पिऊन तोंड ओलं करा. गोळी जिभेच्या मध्यावर ठेवा. बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा आणि पाणी चोखून ओढा. ओढता ओढताच, न थांबता गिळा. चोखण्याच्या त्या ओघात गोळी पाण्याबरोबर निघून जाते, विचार करायला वेळच उरत नाही.

परळहून येणारे एक काका म्हणाले, "तुमचा उपाय काही चालत नाही." बाटली दाखवा म्हटलं, तर जाड प्लास्टिकचा सिपर निघाला. तो चेपत नाही, म्हणून ओढ बसत नाही. पातळ बाटली दिली तर आत बुडबुडे दिसले, म्हणजे ओठांतून हवा जात होती. बाटली आत चेपली आणि बुडबुडा आला नाही तर जमलं. ओठ आवळल्यावर काकांचं काम झालं. (हे घरी बसून करा, धावत्या लोकलमध्ये नको.)

कॅप्सूलला मात्र ही युक्ती नको. ती हलकी, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की ती पुढे दातांकडे येते. म्हणून कॅप्सूल जिभेवर ठेवून मध्यम घोट तोंडात धरा, हनुवटी छातीकडे झुकवा आणि तशीच गिळा. मग ती तरंगत घशाकडे जाते. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात बाटलीमुळे गोळ्या सुमारे ६० टक्के वेळा आणि मान झुकवल्याने कॅप्सूल सुमारे ८९ टक्के वेळा आधीपेक्षा सोप्या गेल्या.

पाणी पितानाही ठसका लागत असेल, घास अडकत असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर दोन्ही प्रकार करू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमचं तसं दिसत नाही. बाटलीनेही नाहीच जमलं, तर १०००च्या एका गोळीऐवजी ५०० एसआरच्या दोन चालतील का, ते डॉक्टरांना विचारा; त्या आकाराने लहान असतात.