पाऊस जूनमध्ये पडतो, पण तिथे उन्हाळा कधी असतो?

प्रश्न : सरावपत्रिकेत ‘केंद्र अ’चा तक्ता दिला होता. जानेवारी ते डिसेंबर तापमान (अंश सेल्सिअस): 23, 23, 22, 19, 16, 14, 13, 13, 15, 16, 19, 22. पाऊस (मि.मी.): 8, 10, 20, 43, 130, 180, 170, 149, 86, 56, 20, 13. जून-जुलैत सर्वांत जास्त पाऊस आहे म्हणून मी ‘मोसमी हवामान’ लिहिले, पण एकही गुण मिळाला नाही. असा तक्ता किंवा आलेख नेमका कसा वाचायचा आणि पुराव्यासह प्रकार कसा ठरवायचा?

उत्तर :

तुम्ही पावसाचे आकडे बरोबर वाचले आहेत. चूक झाली ती महिन्याच्या नावावरून ऋतू गृहीत धरल्यामुळे. जून म्हटले की पावसाळा हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के असते की तापमानाच्या ओळीकडे पाहण्याआधीच उत्तर तयार होते. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला इतर कोणत्याही चुकीपेक्षा जास्त वेळा दिसते, आणि ती बहुधा चांगल्या विद्यार्थ्यांकडूनच होते, कारण सर्वांत मोठा स्तंभ कोणता हे शोधण्याची सवय त्यांना लागलेली असते.

म्हणून पावसाची ओळ काही काळ हाताने झाकून ठेवा आणि फक्त तापमान वाचा. सर्वांत उष्ण महिने जानेवारी आणि फेब्रुवारी, प्रत्येकी 23 अंश. सर्वांत थंड महिने जुलै आणि ऑगस्ट, प्रत्येकी 13 अंश. जानेवारीत उन्हाळा आणि जुलैत हिवाळा असेल, तर केंद्र दक्षिण गोलार्धात आहे. आलेख जानेवारीपासून सुरू होणारा असेल तर हे एका नजरेत कळते: उत्तर गोलार्धात तापमानाची रेषा मध्यभागी फुगते, दक्षिण गोलार्धात ती मध्यभागी खाली वाकते. एवढे ठरले की पावसाच्या ओळीवरचा हात काढा. जून ते ऑगस्ट हा पावसाचा काळ आता हिवाळा आहे, आणि कोरडे पडलेले डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उन्हाळ्याचे आहेत. मोसमी हवामानात पाऊस वर्षाच्या उष्ण सहामाहीत येतो. इथे नेमके उलट आहे.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, नाहीतर हाच नियम पुढच्या तक्त्यात तुम्हाला फसवेल. मोसमी प्रदेशात सर्वांत उष्ण महिना पुष्कळदा पाऊस सुरू होण्याच्या अगोदरचा असतो, कारण ढग आणि पाऊस आले की तापमान काहीसे उतरते. त्यामुळे ‘सर्वांत जास्त पावसाचा महिना हाच सर्वांत उष्ण महिना आहे का?’ असे विचारू नका. वर्षाचे दोन भाग करा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि पाऊस उष्ण भागात पडतो की थंड भागात, हे पाहा.

आता तापमानाकडून आणखी दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली, सर्वांत थंड महिन्याचे मूल्य. कोपेन यांच्या वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याची सरासरी 18 अंश किंवा त्याहून अधिक असेल तर हवामान उष्ण कटिबंधीय धरतात. इथे ती 13 आहे, म्हणजे उष्ण कटिबंधीय प्रकार बाद झाला, पण कडाक्याच्या थंडीचाही प्रश्न नाही. हे समशीतोष्ण गटातील हवामान आहे. दुसरी गोष्ट, वार्षिक तापमान कक्षा: 23 वजा 13 म्हणजे 10 अंश. कक्षा मध्यम आहे आणि सर्वांत उष्ण व सर्वांत थंड काळ थोडा पुढे, फेब्रुवारी आणि ऑगस्टपर्यंत, रेंगाळलेला आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे या दोन्ही खुणा समुद्राचे सान्निध्य सुचवतात. खंडाच्या आत खोलवर असलेल्या केंद्रात ही कक्षा सहसा बरीच मोठी असते.

तक्त्यात कमाल आणि किमान तापमान वेगवेगळे दिले असेल तर या कसोट्यांना त्यांतले कोणतेही थेट लावू नका, कारण 18 अंशांची मर्यादा मासिक सरासरी तापमानाची आहे. या केंद्रात जुलैचे कमाल तापमान सरासरीपेक्षा 5 अंशांनी जास्त असते, तर तो आकडा 18 झाला असता आणि केंद्र चुकीने उष्ण कटिबंधात जाऊन बसले असते.

पावसाकडे येऊ. वार्षिक बेरीज 885 मि.मी. होते, पण बेरजेवरून प्रकार ठरत नाही. तिची वाटणी पाहावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या हिवाळी सहामाहीत 758 मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे एकूण पावसाच्या सुमारे 86 टक्के. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांत मिळून अवघा 31 मि.मी. पडतो. कोरड्या उन्हाळ्याची कसोटी अशी आहे की उन्हाळ्यातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात 40 मि.मी.पेक्षा कमी पाऊस हवा आणि तो हिवाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी हवा. इथे जानेवारीत 8 मि.मी. आहे आणि जूनमधील 180 मि.मी.चा एक तृतीयांश 60 होतो. दोन्ही अटी सहज पुऱ्या होतात.

मग हे शुष्क किंवा निमशुष्क हवामान तर नाही ना, ही शंका इथेच फेडून घ्यावी. पुष्कळ जण ‘250 मि.मी.च्या खाली वाळवंट’ एवढे पाठ करून थांबतात. परंतु पाऊस पुरेसा आहे की नाही हे उष्णतेवर अवलंबून असते, कारण उष्ण हवेत बाष्पीभवन जास्त होते. कोपेन पद्धतीतील हिशेब असा: वार्षिक सरासरी तापमानाला 20 ने गुणायचे, 70 टक्के किंवा अधिक पाऊस हिवाळी सहामाहीत पडत असेल तर आलेला आकडा तसाच ठेवायचा, तितका पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात 280 मिळवायचे, कारण उन्हाळी पावसाचा मोठा वाटा उडून जातो, आणि दोन्हीपैकी काहीच नसेल तर 140 मिळवायचे. वार्षिक पाऊस या मर्यादेपेक्षा कमी असेल तर हवामान निमशुष्क, आणि मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंटी. आपल्या केंद्राचे वार्षिक सरासरी तापमान 17.9 अंश आहे, म्हणून मर्यादा 358 मि.मी. येते. 885 हा आकडा तिच्या दुपटीहून जास्त आहे, तेव्हा शुष्कतेचा प्रश्न मिटला. याउलट 27 अंश सरासरीच्या आणि उन्हाळी पावसाच्या ठिकाणी मर्यादा 820 मि.मी. होते, त्यामुळे तिथे 600 मि.मी. पाऊस पडूनही हवामान निमशुष्क ठरते. तेवढाच पाऊस 5 अंश सरासरीच्या ठिकाणी वर्षभर विखरून पडला, तर मर्यादा फक्त 240 असल्याने ते ठिकाण आर्द्र असते.

एव्हाना प्रकार स्पष्ट आहे: सौम्य, ओला हिवाळा आणि उष्ण, कोरडा उन्हाळा असलेले भूमध्य सागरी हवामान. नावामुळे गोंधळू नका, हे हवामान केवळ भूमध्य समुद्राभोवती आढळत नाही. तुमच्या तक्त्यातील आकडे ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील पर्थच्या आकड्यांशी चांगले जुळतात. कारणही तपासून पाहता येते. उन्हाळ्यात उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा ध्रुवाकडे सरकून या अक्षांशांवर येतो, हवा खाली उतरते आणि ढग बनत नाहीत. हिवाळ्यात तो पट्टा विषुववृत्ताकडे हटतो आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी आवर्ते पाऊस देतात.

पाऊस का महत्त्वाचा, हे सिडनीशी तुलना केल्यावर कळते. सिडनी जवळपास त्याच अक्षांशांत आहे, पण खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर. तिची तापमानाची रेषा पर्थच्या रेषेशी खूपच मिळतीजुळती असते, पण पाऊस सर्व महिन्यांत पडतो, कोरडा ऋतू नसतो. म्हणून ते हवामान आर्द्र उपोष्ण गटात जाते. तापमानाने गट ठरवला, पण त्या गटातला प्रकार पावसाच्या वाटणीने ठरवला.

आलेख दिलेला असेल तर एक सापळा वेगळा असतो. स्तंभांची मोजपट्टी एका बाजूला आणि रेषेची दुसऱ्या बाजूला असते, आणि घाईत रेषेची किंमत पावसाच्या मोजपट्टीवर वाचली जाते. शिवाय ‘रेषा स्तंभांच्या वर गेली म्हणजे कोरडा काळ’ हे वाक्य सरसकट वापरू नये. ते फक्त अशा आलेखात खरे असते जिथे 10 अंश आणि 20 मि.मी. एकाच उंचीवर ठेवलेले असतात. वाल्टर आणि लीट यांच्या पद्धतीचे आलेख तसे असतात. दक्षिण गोलार्धातील केंद्रासाठी ते जुलैपासून सुरू करतात, म्हणजे उन्हाळा मध्यभागी येतो. तेव्हा आडव्या अक्षावरचा पहिला महिना कोणता आहे हे पाहिल्याशिवाय वर सांगितलेली वाकलेल्या रेषेची खूण वापरू नका.

उत्तर लिहिताना प्रत्येक विधानाला महिना आणि आकडा जोडा. ‘तापमान मध्यम आहे’ या वाक्याला मी गुण देत नाही, कारण ते कोणत्याही तक्त्याखाली लिहिता येते. मी स्वतः असे लिहिले असते:

‘जानेवारीत 23 अंश आणि जुलैत 13 अंश तापमान असल्याने केंद्र दक्षिण गोलार्धात आहे. सर्वांत थंड महिना 18 अंशांखाली असल्याने हवामान उष्ण कटिबंधीय नाही. एकूण 885 मि.मी. पावसापैकी सुमारे 86 टक्के एप्रिल ते सप्टेंबर या थंड सहामाहीत पडतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या उन्हाळ्यात केवळ 31 मि.मी. पडतो. मोसमी हवामानात पाऊस उष्ण सहामाहीत पडतो, म्हणून तो प्रकार बाद होतो. हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा यांवरून हे भूमध्य सागरी हवामान ठरते.’

शेवटून दुसरे वाक्य वगळू नका. जवळचा दुसरा प्रकार कोणता होता आणि तो कोणत्या आकड्यामुळे नाकारला, हे लिहिलेले उत्तर तपासणाऱ्याला वेगळे दिसते. तुमच्या तक्त्यात नाकारण्याजोगा प्रकार मोसमीच होता, आणि तो नाकारण्याचा पुरावा तापमानाच्या ओळीत होता.