सर्किटला अल्गो थांबवायचा, पण कोणती ऑर्डर थांबवायची?

प्रश्न: माझा अल्गो अपर सर्किट लागलेल्या शेअरमध्ये ऑर्डरी मारत बसतो आणि सगळ्या रिजेक्ट होतात. सर्किट किंवा मार्केट हॉल्ट लागलंय हे कोडमध्ये कसं ओळखायचं, म्हणजे तो आपोआप थांबेल?

उत्तर:

हा प्रश्न मला तीस हजार रुपयांना पडलाय. शिवाय त्यावरून घरात अजून वाद आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा मेव्हणा मिळून एक अल्गो चालवत होतो. स्ट्रॅटेजी माझी, ऑर्डर पाठवण्याचा भाग त्याचा. त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच: "दाजी, मार्केटमध्ये थांबला तो संपला. रिजेक्ट आली की पुन्हा मारायची." बाहेर पडण्याची ऑर्डर त्याने अशी लिहिली होती: एलटीपीच्या अर्धा टक्का वर लिमिट लावून बाय पाठवायची, पाच सेकंदांत भरली नाही तर कॅन्सल करायची आणि नव्या एलटीपीवर पुन्हा पाठवायची. साध्या दिवशी हे उत्तम चालतं, तेवढं कबूल करतो.

त्या दिवशी एका मिडकॅपमध्ये आमचे ६०० शेअर इंट्राडे शॉर्ट होते, भाव ४३८.५०. आदल्या दिवशीचा बंद भाव ४१२, बँड १० टक्के. म्हणजे वरची मर्यादा ४५३.२०. दुपारी पावणेदोनच्या सुमारास कसली तरी बातमी आली आणि शेअर उसळला. ४४७ ला आमचा स्टॉप लागला. एलटीपी ४४७.४० असताना ४४९.६५ ची बाय गेली, पण तोवर भाव पुढे निघून गेला होता. पाच सेकंदांनी ती कॅन्सल झाली. आता एलटीपी ४५१.८०, त्यावर अर्धा टक्का म्हणजे ४५४.०५. ही किंमत बँडच्या बाहेर, त्यामुळे रिजेक्ट. त्या क्षणी सेलर होते, ४५३.२० ची साधी लिमिट लावली असती तर लगेच भरली असती. आमचा कोड मात्र ४५४ मागत होता. मिनिटभरात सर्किट लॉक झालं आणि सेलरची बाजू रिकामी झाली.

त्यानंतर दर पाच सेकंदांनी एक ऑर्डर, जवळजवळ दीड तास. हजाराच्या आसपास रिजेक्शन जमली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सव्वादोनच्या पुढे सर्किट काही मिनिटं उघडलं होतं. भाव ४५२.१० पर्यंत खाली आला, व्यवहार झाले. आमची ऑर्डर तेव्हाही रिजेक्ट झाली, कारण ४५२.१० वर अर्धा टक्का धरला की ४५४.३५ होतात. गणित मांडून पाहिलं तर एलटीपी ४५०.९० च्या आसपास उतरल्याशिवाय आमची एकही ऑर्डर एक्स्चेंजपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. दार उघडलं होतं, आणि आम्ही शेजारच्या भिंतीवर डोकं आपटत होतो.

पोझिशन उघडीच राहिली. शॉर्ट विकलेले शेअर डिलिव्हर करता आले नाहीत, म्हणून ते ऑक्शनमध्ये गेले आणि ४८९ ला घेतले गेले. शेअरमागे ५०.५० प्रमाणे ३०,३०० रुपये गेले, वर चार्जेस. ४५३.२० ला सुटलो असतो तर ८,८२० वर भागलं असतं. ऑक्शनचा भाव शेवटच्या बंद भावाच्या २० टक्के वरपर्यंत जाऊ शकतो हे लक्षात ठेवा, म्हणजे ४५३.२० वरून ५४३ पर्यंतही गेला असता. बँडवाल्या शेअरमध्ये इंट्राडे शॉर्ट मारणाऱ्याने आधी हे गणित करावं, कोड नंतर लिहावा.

आता ओळखण्याचं. बँड स्वतः मोजू नका. कालच्या बंद भावाला १.१० ने गुणणारे मी खूप पाहिलेत. बोनस किंवा स्प्लिटच्या दिवशी बेस किंमत बदलते, एक्स्चेंज बँड २० वरून १० किंवा ५ करतं, आणि टिक साइजला राउंड करताना पाच पैशांची चूक झाली तरी ऑर्डर मेलीच. बहुतेक ब्रोकरांच्या कोट एपीआयमध्ये दोन्ही मर्यादा तयार मिळतात. माझ्याकडे त्यांची नावं अशी आहेत:

```python
def locked(q, side):
    if side == "BUY":
        return (q["last_price"] >= q["upper_circuit_limit"]
                and q["depth"]["sell"][0]["quantity"] == 0)
    return (q["last_price"] <= q["lower_circuit_limit"]
            and q["depth"]["buy"][0]["quantity"] == 0)

def clamp(price, q):
    return max(q["lower_circuit_limit"],
               min(price, q["upper_circuit_limit"]))
```

यातलं `locked` सगळे लिहितात, `clamp` विसरतात. आमचं नुकसान `clamp` नसल्यामुळे झालं. नुसता भाव मर्यादेला टेकला म्हणजे लॉक झालं असं नाही, समोरची बाजू रिकामी आहे का तेही बघावं लागतं. म्हणून `locked` मध्ये दोन अटी आहेत.

आणि लॉक एकाच बाजूने असतं. अपर सर्किटला बाय अडकते, सेल मात्र तत्काळ भरते, कारण खरेदीदारांची रांग लागलेली असते. त्यामुळे सर्किट लागलं की त्या शेअरच्या सगळ्या ऑर्डरी बंद करणारा कोड चूक आहे. तुमच्याकडे शेअर असतील आणि विकायचे असतील तर तुमच्यासाठी तो उलट सोपा दिवस आहे.

माझा आणि मेव्हण्याचा खरा वाद इथे आहे. नवी पोझिशन घ्यायची असेल तर लॉक दिसताच पूर्ण थांबा, त्या बाजूची एकही ऑर्डर नको. पण अडकलेल्या पोझिशनमधून बाहेर पडायचं असेल तर बरोबर मर्यादेच्या भावाला एकच ऑर्डर लावा आणि तिला हात लावू नका. एकाच भावाच्या ऑर्डरींमध्ये जो आधी आला त्याचा नंबर आधी लागतो. कॅन्सल करून पुन्हा पाठवलं की तुम्ही रांगेच्या शेवटी. रेशनच्या रांगेतून दर पाच सेकंदांनी बाहेर पडून पुन्हा मागे उभं राहणाऱ्याला धान्य मिळेल का? मेव्हणा याला आजही "हातावर हात ठेवून बसणं" म्हणतो. मी म्हणतो पावणेदोनला रांगेत लागलो असतो तर सव्वादोनला सर्किट उघडलं तेव्हा निदान नंबर लागण्याची संधी होती. त्याच्या पद्धतीत ती संधी शून्य होती, आणि हे ऑर्डर बुकच्या लॉगमध्ये ओळीने लिहिलेलं आहे.

रिजेक्शनचंही तसंच. नेटवर्क तुटल्यामुळे उत्तर आलं नाही, तर आधी ऑर्डर बुक वाचून मग पुन्हा पाठवणं ठीक. किंमत मर्यादेबाहेर म्हणून परत आली, तर तीच ऑर्डर पुन्हा पाठवण्यात काही अर्थ नाही. आधी मर्यादा नव्याने वाचा.

एफ अँड ओ मधल्या शेअरना पक्का बँड नसतो, त्यांना १० टक्क्यांचा डायनॅमिक बँड असतो. भाव कडेला पोचला आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की, मध्ये काही वेळ थांबून, एक्स्चेंज तो त्या दिशेने सरकवतं. म्हणून सकाळी ९.१५ ला मर्यादा एकदा वाचून दिवसभर वापरू नका. मी भाव मर्यादेच्या एक टक्क्यात आला की दर मिनिटाला पुन्हा वाचतो.

हॉल्टचं सांगायचं राहिलं. पूर्ण बाजार थांबतो तो निफ्टी किंवा सेन्सेक्स १०, १५ किंवा २० टक्के हलल्यावर, जो आधी हलेल त्यावर. १० टक्के दुपारी एकच्या आधी झाले तर ४५ मिनिटं, एक ते अडीचमध्ये १५ मिनिटं, अडीचनंतर थांबत नाही. १५ ला थांबा लांबतो आणि दोननंतर लागला तर दिवसच संपतो. २० ला कधीही लागला तरी दिवस संपला. २३ मार्च २०२० ला दहाच्या सुमारास १० टक्के लागले, तेव्हा ४५ मिनिटांनंतर आधी १५ मिनिटांचं प्री-ओपन झालं आणि मग व्यवहार सुरू झाले. तुमच्या कोडने ४५ मिनिटं मोजून ऑर्डर पाठवली तर ती त्या प्री-ओपनमध्ये पडेल.

कोडसाठी मी घड्याळ वापरत नाही. पाच अतिलिक्विड शेअर ठेवतो आणि त्यांची शेवटच्या व्यवहाराची वेळ बघतो. वेबसॉकेटचा हार्टबीट येतोय, पण पाचही शेअरमध्ये ३० सेकंद व्यवहार नाही, तर बाजार किंवा एक्स्चेंज थांबलंय. हार्टबीटच नाही, तर तुमचंच कनेक्शन गेलंय. एकट्या शेअरच्या शांततेवरून काहीही ठरवू नका, लॉक झालेल्या छोट्या शेअरमध्ये कित्येक मिनिटं व्यवहार होत नाही.

मग दुसऱ्या एक्स्चेंजकडे बघा. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडामुळे एनएसई ११.४० ला थांबलं, बीएसई चालू होतं. नंतर एनएसई ३.४५ ला सुरू होऊन ५ पर्यंत चाललं. साडेतीनला स्वतःला बंद करणारे अल्गो तेव्हा झोपलेले असणार. म्हणून बंद होण्याची वेळ कोडमध्ये ठोकू नका, सेटिंगमध्ये ठेवा आणि हाताने बदलता येईल असं करा.

थांबा उठल्यावर आधीच्या ऑर्डरी जिवंत आहेत असं धरू नका. ऑर्डर बुक आणि पोझिशन नव्याने वाचा, मगच पुढचं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कोट एपीआयला सेकंदामागे मर्यादा असते, ५० शेअरचे कोट एकेक करून मागू नका, एकत्र मागा. वर दिलेली फील्डची नावं तुमच्या ब्रोकरकडे वेगळी असतील. ट्रेड-टू-ट्रेडमधल्या शेअरमध्ये इंट्राडे ऑर्डर मुळातच चालत नाही, ते रिजेक्शन सर्किटचं समजू नका. आणि रांगेत पहिला नंबर असला तरी सेलर आलाच नाही तर ऑक्शन अटळ आहे, `clamp` त्यातून वाचवत नाही. म्हणून आता मी १० टक्के किंवा त्याहून कमी बँडच्या शेअरमध्ये इंट्राडे शॉर्ट मारतच नाही, आणि २० वाल्यात भाव वरच्या मर्यादेपासून तीन टक्क्यांवर आला की स्टॉपची वाट न बघता निघतो. मेव्हण्याच्या अल्गोमध्ये तो पाच सेकंदांचा लूप अजून आहे.