प्रोबेशन संपलं, कन्फर्मेशनचं लेटर आलंच नाही: नोटीस १५ दिवसांची की ९०?

प्रश्न: २ जून २०२५ ला ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत लागले. ऑफर लेटरमध्ये सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्या काळात १५ दिवसांची नोटीस आणि कन्फर्म झाल्यावर ९० दिवसांची. सहा महिने होऊन गेले, कन्फर्मेशनचं लेटर आलेलं नाही. ठाण्यात दुसरी नोकरी मिळतेय, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय. एचआर म्हणतं सहा महिने झाले म्हणजे तुम्ही कन्फर्म, ९० दिवस भरा. ग्रॉस पगार ६०,००० आहे, बेसिक ३०,०००. खरं काय?

उत्तर:

एचआरचं म्हणणं बहुधा चुकीचं आहे, पण ते तुमच्या कागदातल्या एकाच वाक्यावर ठरेल. ते वाक्य ऑफर लेटरमध्ये शोधू नका. रुजू झाल्यावर सही केलेलं अपॉइंटमेंट लेटर काढा. त्यात बहुतेक वेळा ‘यापूर्वीचे सर्व करार रद्द’ असं कलम असतं आणि मग ऑफर लेटर मागे पडतं. एचआर पॉलिसीलाही त्यात एका ओळीत बांधून घेतलेलं असतं, तेव्हा पॉलिसीतलं प्रोबेशनचं पानही उघडा.

तिथे तीनपैकी एक प्रकार दिसेल. पहिला आणि सर्वात जास्त आढळणारा: ‘लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत आपण प्रोबेशनवरच असाल.’ असं असेल तर सहा महिने उलटल्याने काहीच बदलत नाही, तुम्ही आजही प्रोबेशनर आणि नोटीस १५ दिवसांचीच. वाक्य स्पष्ट नसलं तरी कायद्याचा कल इकडेच आहे. एक्सप्रेस न्यूजपेपर्सच्या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मुदत संपल्यावर मालकाने कायमही केलं नाही आणि काढलंही नाही, तर माणूस प्रोबेशनर म्हणूनच चालू राहतो.

दुसरा प्रकार: ‘प्रोबेशन वाढवता येईल, पण एकूण नऊ महिन्यांपेक्षा जास्त नाही.’ कमाल मर्यादा घातली आणि ती ओलांडूनही कामावर ठेवलं, तर कन्फर्म झाल्याचं धरता येतं. हे तत्त्व धरमसिंग यांच्या १९६८ च्या निकालातलं. तो खटला सरकारी नोकरीचा होता, पण खासगी करार वाचतानाही त्याचा आधार घेतला जातो. तुमच्या बाबतीत ही मर्यादा १ मार्च २०२६ ला संपेल, म्हणजे जानेवारीत तरी एचआरला याचा उपयोग नाही. तिसरा प्रकार मात्र तुमच्या विरुद्ध जातो: ‘मुदत संपेपर्यंत कंपनीने अन्यथा कळवलं नाही तर आपण कन्फर्म समजले जाल.’ हे वाक्य असेल तर २ डिसेंबरपासून तुम्ही कन्फर्म आहात आणि ९० दिवसांचं कलम लागू आहे.

आता पहिला प्रकार धरून हिशेब करू. सोमवारी, १२ जानेवारीला राजीनाम्याचा मेल पाठवला, तर मोजणी १३ पासून, आणि पंधरावा दिवस २७ जानेवारी. शनिवार-रविवार यात धरले जातात, फक्त करारात ‘कामाचे दिवस’ असं लिहिलं असेल तर नाही. ९० दिवसांनी हीच तारीख १२ एप्रिल येते. मधला फरक ७५ दिवसांचा आहे, आणि एचआर तोच पैशांत मागेल. ग्रॉसवर रोजचे २,००० धरले तर १,५०,०००, बेसिकवर १,००० धरले तर ७५,०००. म्हणून नोटीस-पे कशावर काढायचा हा शब्द करारात बघाच. आणि ‘नोटीसऐवजी पगार भरण्याचा’ पर्याय तुमच्या हातात आहे की ‘कंपनीच्या मर्जीने’, तेही बघा. बहुतेक लेटरांत मर्जी कंपनीची असते, आणि लोकांना ते राजीनामा दिल्यावर कळतं. या रकमेवर जीएसटी मागितला तर नकार द्या. नोटीस-पे वसुलीवर जीएसटी नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे.

सगळ्यात जास्त गडबड होते ती राजीनाम्यानंतर. मेल गेला की दोन दिवसांत मागच्या तारखेचं कन्फर्मेशन लेटर पोर्टलवर येतं. म्हणून आधी पुरावा, मग राजीनामा. एचआर पोर्टलवर तुमच्या नावासमोर ‘प्रोबेशन’ लिहिलेलं असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. कन्फर्म झाल्यावरच मिळणाऱ्या रजा अजून खात्यात जमा नसतील तर तेही टिपा, कंपनी स्वतःच तुम्हाला प्रोबेशनर मानते याचा तो पुरावा आहे. स्वतःचं लेटर आणि स्वतःच्या पगारपत्रकांच्या प्रती घ्या, कंपनीच्या बाकी फायली वैयक्तिक मेलवर पाठवू नका, नाहीतर तेच कारण होऊन बसेल. उलट ‘प्रोबेशन यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन’ असा एचआरचा मेल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आला होता का, तेही प्रामाणिकपणे शोधा. तो असेल तर लेटर नसण्याचा मुद्दा बराच ढिला होतो. टीम लीडने चॅटवर केलेलं अभिनंदन मात्र कन्फर्मेशन ठरवणं कंपनीला जड जाईल, कारण तो अधिकार सहसा त्याच्याकडे नसतो.

मेल मॅनेजर आणि एचआर दोघांनाही एकत्र पाठवा. त्यात कलमाचा क्रमांक, ‘मला आजवर लेखी कन्फर्मेशन मिळालेलं नाही’ हे एक वाक्य आणि शेवटच्या दिवसाची तारीख, एवढंच. कारणमीमांसा नको. पोर्टलवर राजीनामा टाकल्यावर सिस्टीम आपोआप ९० दिवसांची तारीख दाखवते, तिथे ‘मान्य’ दाबू नका. शेरा लिहायची जागा असेल तर मेलमधली तारीख लिहा.

तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही. कंपनीच्या हातात खरं अस्त्र रिलीव्हिंग लेटरचं आहे, आणि ठाण्याची कंपनी बॅकग्राउंड तपासणीत तेच मागेल. तेव्हा नव्या एचआरला आजच कलमाची प्रत दाखवून ‘रिलीव्हिंग लेटर उशिरा आलं तर राजीनाम्याचा मेल आणि त्याची पोच चालेल का’ हे लेखी विचारून ठेवा. शेवटच्या पगाराबाबत ‘४५ दिवसांत एफ अँड एफ’, म्हणजे पूर्ण आणि अंतिम हिशेब, असं ऐकायला मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. अडवलं तर ठाण्याच्या कामगार उपआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

एक बाजू लक्षात असू द्या: ज्या वाक्यामुळे तुम्ही १५ दिवसांत सुटता, त्याच वाक्याने कंपनीही तुम्हाला १५ दिवसांत काढू शकते. त्याला एक अडसर आहे, तो २४० दिवसांचा. कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असलेल्याने बारा महिन्यांत २४० दिवस भरले, तर त्याला कपातीत कामावरून काढताना एक महिन्याची नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात. प्रोबेशनर आहे म्हणून हे लागू नाही असं कंपनी म्हणेल आणि वाद होईल, पण २ जूनपासून मोजलं तर तुमचा २४० वा दिवस नेमका २७ जानेवारीला येतो. तोवर ‘तुम्हीच १५ जानेवारीला जा’ असा उलटा मेल आला, तर उरलेल्या नोटीसचा पगार मागा, आणि त्या पत्रात ‘गैरवर्तन’ हा शब्द नाही ना, हे आधी वाचा. तो असेल तर चौकशीशिवाय काढल्याची हरकत त्याच दिवशी मेलवर नोंदवा.