पाच रंग पुरतात, पण पाचही शेजारी वेगवेगळ्या रंगांचे निघाले तर?

प्रश्न: कुठलाही प्लेनार ग्राफ, म्हणजे एजेस एकमेकींना न कापता कागदावर काढता येणारा ग्राफ, लागून असलेले व्हर्टेक्स वेगळ्या रंगाचे ठेवून पाच रंगांत रंगवता येतो, याचं प्रूफ वाचतोय. डिग्री पाच किंवा कमी असलेला व्हर्टेक्स काढायचा, उरलेला ग्राफ इंडक्शनने पाच रंगांत रंगवायचा, इथपर्यंत समजलं. पण तो व्हर्टेक्स परत ठेवताना त्याच्या पाच शेजाऱ्यांनी पाचही रंग वापरून टाकले असतील तर? पुस्तकात "रंगांची अदलाबदल करा" एवढंच लिहिलंय. ती नेहमी जमतेच कशावरून?

उत्तर:

जमते, आणि जमते ती निव्वळ ग्राफ प्लेनार आहे म्हणून. सगळं प्रूफ खरं तर तुम्ही विचारलेल्या याच जागी आहे, बाकीचं त्याच्या आजूबाजूचं आहे.

आधी डिग्री पाचचं पटकन सांगतो, कारण पुढे लागेल. व्हर्टेक्स V, एजेस E आणि फेस F असतील तर ऑयलरचा फॉर्म्युला V − E + F = 2. साध्या ग्राफमध्ये प्रत्येक फेसला निदान तीन एजेस लागतात आणि प्रत्येक एज दोन बाजूंनी मोजली जाते, म्हणून 3F ≤ 2E, आणि हे वर टाकलं की E ≤ 3V − 6. सगळ्या डिग्रींची बेरीज 2E, म्हणजे जास्तीत जास्त 6V − 12. सगळ्यांची डिग्री सहा किंवा जास्त असती तर बेरीज निदान 6V झाली असती, ते शक्य नाही, म्हणून पाच किंवा कमी डिग्रीचा एक तरी व्हर्टेक्स सापडतोच. एवढ्यावर सहा रंग तर फुकटच मिळतात, पाच शेजारी आणि सहावा रंग मोकळा. कष्ट आहेत ते सहावरून पाचवर यायला.

आता समजा काढलेला व्हर्टेक्स v, त्याचे शेजारी घड्याळाच्या दिशेने अ, आ, इ, ई, उ आणि त्यांचे रंग अनुक्रमे लाल, निळा, हिरवा, पिवळा, जांभळा. (शेजारी चारच असतील किंवा एखादा रंग दोनदा आला असेल तर काहीच करायला नको, उरलेला रंग v ला द्या.) आपल्याला यातला एक रंग v साठी मोकळा करायचाय. अ चा लाल नुसता हिरवा केला तर अ ला लागून दुसरा कुठला हिरवा असेल तो भांडेल, म्हणून त्याला लाल करायचं, मग त्याच्या शेजारचा लाल असेल त्याला हिरवा, असं करत जायचं. म्हणजे अ पासून फक्त लाल-हिरव्या व्हर्टेक्सवर पाय ठेवत जिथे जिथे पोचता येतं तो सगळा तुकडा घ्यायचा आणि त्यात लाल-हिरव्याची अदलाबदल करायची, यालाच केम्प चेन म्हणतात. तुकड्याच्या बाहेर पण त्याला लागून जे आहेत त्यांच्यात लाल किंवा हिरवा कुणीच नाही, असता तर तो तुकड्यातच आला असता, म्हणून अदलाबदलीने नवीन भांडण लागत नाही. कलरिंग बरोबरच राहतं. हे वाक्य नीट पटवून घ्या, पुढे सगळं याच्यावर उभं आहे.

त्या तुकड्यात इ नसेल तर काम झालं. अ हिरवा झाला, इ हिरवाच राहिला, v ला लाल द्या.

इ त्याच तुकड्यात असेल तर मात्र अदलाबदल वाया जाते, अ हिरवा होतो आणि इ लाल, शेजारी पुन्हा पाच रंग. पण आता अ पासून इ पर्यंत लाल-हिरवी वाट आहे म्हणजे काय ते बघा. त्या वाटेला v मधून जोडलं की कागदावर एक बंद कुंपण तयार होतं. क्रम अ, आ, इ, ई असा असल्यामुळे आ कुंपणाच्या एका बाजूला आणि ई दुसऱ्या बाजूला पडतो. आता आ पासून निळी-पिवळी चेन काढा. तिला ई पर्यंत जायचं तर कुंपण ओलांडावं लागेल, एज ओलांडता येत नाही कारण ग्राफ प्लेनार, आणि कुंपणावरच्या व्हर्टेक्समधून जाता येत नाही कारण ते सगळे लाल-हिरवे आहेत आणि v ला अजून रंगच नाही. म्हणून ती ई पर्यंत पोचूच शकत नाही. तिच्यात अदलाबदल करा, आ पिवळा होतो, ई पिवळाच, आणि v ला निळा. पहिली जोडी अडली की दुसरी हमखास सुटते.

हातानं करून बघायला आयकोसाहेड्रॉन घ्या, १२ व्हर्टेक्स, ३० एजेस, म्हणजे बरोबर 3·12 − 6, आणि प्रत्येकाची डिग्री पाचच, त्यामुळे चारची पळवाट तिथे मिळतच नाही. वर एक शिखर, त्याखाली अ, आ, इ, ई, उ अशी कडी, त्याखाली क१ ते क५ अशी दुसरी कडी आणि सगळ्यात खाली तळ. क१ हा अ आणि आ ला लागून, क२ हा आ आणि इ ला, असं करत क५ हा उ आणि अ ला. शिखर काढा, वरची कडी आधी सांगितली तशीच रंगवा, क१ हिरवा, क२ लाल, क३ निळा, क४ लाल, क५ पिवळा, तळ जांभळा. तपासून बघा, कुठेही भांडण नाही.

अ पासूनची लाल-हिरवी चेन अ, क१, क२, इ अशी जाते, म्हणजे नेमकी अडणारी केस. पण हेच कुंपण आ ला एकट्याला आत घेऊन बसलंय. आ चे उरलेले शेजारी लाल, हिरवा, हिरवा, लाल आहेत, पिवळा एकही नाही, म्हणून त्याची निळी-पिवळी चेन त्याच्यापाशीच संपते. तिकडे ई ची चेन ई आणि क३ अशी दोघांचीच, ती पलीकडे. आ ला पिवळा केला आणि शिखराला निळा दिला की संपलं.

आता कुणीही विचारेल की हीच युक्ती चार रंगांना का नाही. अल्फ्रेड केम्प यांनी १८७९ मध्ये तसंच प्रूफ दिलं होतं आणि ते अकरा वर्षं बरोबर धरलं गेलं. चार रंगांत पाच शेजारी म्हणजे एक रंग दोन शेजाऱ्यांवर असणार, आणि तो मोकळा करायला अडणाऱ्या केसमध्ये दोन वेगवेगळ्या चेन्समध्ये एकाच वेळी अदलाबदल करावी लागते. प्रत्येक अदलाबदल एकटी बरोबर असते, पण पहिली केल्यावर दुसऱ्या चेनची वाटच बदलू शकते आणि मग दोन लागून असलेले व्हर्टेक्स एकाच रंगाचे होतात. पर्सी हीवूड यांनी १८९० मध्ये हे उदाहरण देऊन दाखवलं, आणि त्याच लेखात केम्प यांच्या कल्पनेतून पाच रंगांचं प्रूफ वाचवलं. वर बघा, आपण शेवटी उपयोगी पडणारी अदलाबदल एकच करतो, पहिली चेन अडली तर तिला हातच लावत नाही, तिचं फक्त कुंपण वापरतो. पाचव्या रंगाने एवढी एकच सूट मिळते आणि ती पुरते. चार रंगांसाठी १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांना कॉम्प्युटरवर हजाराहून जास्त केसेस तपासाव्या लागल्या.

प्लेनार असणं कुठे लागलं हे पक्कं करायचं असेल तर हेच प्रूफ मेदूवड्यासारख्या भोक असलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे टोरसवर, चालवून बघा. तिथे V − E + F शून्य येतो, E ≤ 3V एवढंच हाती लागतं, म्हणून सगळ्यांची डिग्री सहा असू शकते, आणि शिवाय बंद कुंपण भोकाभोवती फिरून गेलं तर आत आणि बाहेर असे दोन भाग पडतच नाहीत. दोन्ही पायऱ्या एकदम कोसळतात, आणि तिथे सात व्हर्टेक्स एकमेकांना जोडलेला ग्राफ एजेस न कापता काढता येतो, त्याला सात रंग लागतात.