बायोडाट्यातल्या वाड्या, रुपये आणि टँकर

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आठ वर्षं एका संस्थेच्या पाणी कार्यक्रमाचं काम पाहतोय. बायोडाट्यात ‘४२ गावांतील १८,६०० लाभार्थी’ असं लिहिलं होतं. कंपनीच्या सीएसआर विभागात मुलाखतीला गेलो, तर हा आकडा कसा काढला ते विचारलं आणि मला सांगताच आलं नाही. तक्ते सोबत पाठवतोय.

तक्ते दोन संध्याकाळी बसून पाहिले. हा आकडा कुणी खोटा लिहिलेला नाही, तो वर्षानुवर्षं साचत गेलाय. दर मार्चला अहवाल निघाला, त्यात त्या वर्षीचे लाभार्थी आले आणि बायोडाटा लिहिताना तुम्ही सगळ्या वर्षांची बेरीज केलीत. ती बेरीज कशाकशाची आहे ते आधी बघू.

बंधाऱ्यांचे ९,२०० लाभार्थी म्हणजे त्या गावांची अख्खी लोकसंख्या. पण आपल्याकडे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. वरच्या वाडीला खालच्या बंधाऱ्याचा काही उपयोग नसतो. बंधाऱ्याखालच्या वाड्या तेवढ्या धरल्या, तर तुमच्याच यादीत ६४० घरं आहेत, आणि त्यातल्या २१५ घरांपुढे ‘बंद’ अशी नोंद आहे. ही घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, एरवी माणसं मुंबईला. म्हणजे नांदती घरं ४२५.

विहिरी आणि टाक्यांचा ६,१०० हा आकडा १,२२० घरांना पाचाने गुणून आलाय. ती घरं घरपट्टीच्या रजिस्टरातून उचललेली दिसतात. घरपट्टी बंद घराचीही भरली जाते, त्यामुळे कोकणात हे रजिस्टर माणसं मोजायला उपयोगाचं नाही. तुमच्या कार्यकर्त्यांनी वाडीत फिरून केलेली यादी त्याच फाइलमध्ये आहे, तिच्यात नांदती घरं ८७० आहेत. आणि घरटी पाच माणसं हेही आज कितीतरी वाड्यांत खरं नाही. म्हातारा-म्हातारी दोघंच असलेली घरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील.

उरलेले ३,३०० म्हणजे प्रशिक्षणांच्या हजेरीची बेरीज. सहा बैठकांना आलेली बाई सहा वेळा मोजली गेली. नावं जुळवली, तर बहुतेक जण वरच्याच घरांतले निघतात. नवी घरं १६५.

आता दुबार नोंदी काढा. ४२५ आणि ८७० मध्ये २६० घरं सामाईक आहेत, त्यांना बंधाराही मिळाला आणि विहीरही. म्हणजे पाण्याची सोय झालेली नांदती घरं १,०३५.

आकडा एवढा खाली आल्यावर हात आखडतो, हे मला कळतं. पण समोरच्याने तुम्हाला अडवलं कुठे असेल, ते बघा. कार्यक्रमाचा खर्च २ कोटी १० लाख तुम्ही शेजारच्याच ओळीत दिलाय. सीएसआरमधला माणूस सवयीने भागाकार करतो. १८,६०० ने भागलं तर माणशी साधारण ११३० रुपये येतात, आणि जांभ्यात विहीर खोल करण्याचा खर्च ज्याला माहीत आहे त्याला ते पटत नाही. १,०३५ घरांनी भागलं तर घरटी सुमारे वीस हजार पडतात. हे पटतं, आणि पुढचा प्रश्न कामाबद्दल येतो.

मी असं लिहीन : ‘रत्नागिरी जिल्ह्यातील ४२ गावांत पाणी कार्यक्रम. १,०३५ नांदत्या घरांना विहीर, टाकी किंवा बंधाऱ्याचं पाणी. आणखी १६५ घरांतील लोकांना फक्त प्रशिक्षण. प्रत्येक घर एकदाच मोजलं आहे.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. निवड करणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलोय, आणि एवढं एक वाक्य लिहिणारे उमेदवार फार थोडे भेटतात. आठ वर्षांत तुमचं पद बदललं असेल, तर कोणती घरं तुम्ही क्षेत्र समन्वयक असतानाची आणि कोणती कार्यक्रम प्रमुख झाल्यावरची, तेही वेगळं लिहा.

प्रश्न : आमच्या संस्थेने तीन वर्षांत साडेचार कोटी उभे केले. प्रस्ताव मी लिहिले, पण मोठी कंपनी संचालकताईंच्या ओळखीतून आली. ‘साडेचार कोटींचा निधी उभारला’ असं मी लिहू शकते का?

आधी साडेचार कोटी म्हणजे नक्की कुठली रक्कम ते ठरवा. मागितलेली, मंजूर झालेली, खात्यात जमा झालेली आणि खर्च झालेली, या चारही रकमा वेगळ्या असतात. तुमच्या पत्रावरून साडेचार कोटी मंजूर, ३ कोटी १० लाख जमा आणि २ कोटी ९० लाख खर्च दिसतात. बायोडाट्यात जमा रक्कम लिहा. ती लेखापरीक्षित ताळेबंदात सापडते. मंजुरीचा पुढचा हप्ता अडूही शकतो. मंजुरी सांगायचीच असेल, तर ‘मंजूर’ हा शब्द लावून शेजारी लिहा.

जमा ३ कोटी १० लाखांपैकी १ कोटी ९० लाख जुन्या देणगीदाराने करार वाढवून दिले आणि १ कोटी २० लाख नव्याकडून आले, हा फरक निधी विभागातल्या पदासाठी फार महत्त्वाचा आहे. जुना देणगीदार पुन्हा येतो तो अहवाल आणि काम पाहून, आणि ते अहवाल तुम्ही लिहिलेत. तिथे तुमचा वाटा मोकळेपणाने सांगा. नव्या कंपनीबद्दल ‘प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि क्षेत्रभेटीची तयारी माझी, पहिला संपर्क संचालकांचा’ असं लिहा. संचालकताईंना उद्या फोन गेला, तर त्यांनी हेच सांगायला हवं.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता, एक गोष्ट आलीये. ती मी वर आणली असती. पैसे उशिरा आले, तरी तुम्ही काम मार्चच्या आत बसवलंत. कंपनीला याचं मोल का वाटतं ते सांगतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे चालू प्रकल्पातली न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते, आणि पैसा ठरल्याप्रमाणे वापरला गेला याचा दाखला कंपनीच्या वित्त प्रमुखाला द्यावा लागतो. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम पावसाळा ओसरल्यापासून मे अखेरपर्यंत. जूनमध्ये सगळं बंद. त्यातही कच्चे बंधारे ओढ्याला पाणी वाहतं असतानाच घालावे लागतात, फेब्रुवारीत हप्ता आला तर त्यांची वेळ टळलेली असते. म्हणून तुम्ही तो पैसा टाक्यांकडे वळवलात, देणगीदाराची लेखी संमती घेतलीत आणि विनियोग प्रमाणपत्र वेळेत दिलंत. हे दोन ओळींत लिहा. कोटींच्या आकड्याहून कंपनीला याचा जास्त उपयोग आहे.

प्रश्न : आमच्या सात वाड्यांत आता मे महिन्यात टँकर येत नाही. पण सुरुवातीचं सर्वेक्षण झालंच नव्हतं. ‘सात वाड्या टँकरमुक्त’ असं लिहिलं तर चालेल ना?

तुमच्या यादीत दोन धनगरवाड्या आहेत आणि त्यांच्यापुढे ‘पायवाट’ असं लिहिलंय. तिथे टँकर आधीही जात नव्हता, कारण गाडीरस्ताच नाही. त्या बायका डोक्यावरूनच पाणी आणत होत्या. म्हणजे टँकर हे माप पाचच वाड्यांना लागू पडतं.

त्या पाचांची जुनी स्थिती आजही काढता येते. टँकर ग्रामपंचायतीच्या मागणीवर सरकारी मंजुरीने येतो, त्यामुळे मागणीचे ठराव ग्रामपंचायतीत आणि फेऱ्यांच्या नोंदी पंचायत समितीत मिळायला हव्यात. काम सुरू होण्याआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं, वाडीवार, पहिली फेरी कुठल्या तारखेला आली एवढंच उतरवून घ्या. धनगरवाड्यांत बायकांना विचारा, पण ‘पूर्वी किती त्रास होता’ असं विचारू नका. ‘विहीर कधी आटायची, शिमग्याच्या आधी की नंतर? अक्षय्य तृतीयेला पाणी होतं का?’ असं विचारा. तारीख कुणाला आठवत नाही, सण आठवतो. तीन-चार घरांतून वेगवेगळं विचारून तेच उत्तर आलं, तर ते लिहिण्याजोगं आहे.

आता अवघड भाग. टँकर बंद झाला तो तुमच्यामुळेच का? सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात, कारण सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून पाणी निघून जातं. एखाद्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला तरी विहीर महिनाभर जास्त टिकते. त्यात २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ येऊ लागले. तुमच्या पाचपैकी एका वाडीत नळ आलाय, हे तुम्हीच लिहिलंय. तिला यातून वगळा. उरलेल्या चार वाड्यांशेजारी, तसाच कातळ असलेली पण तुमचं काम न झालेली एखादी वाडी घ्या आणि तिथे याच वर्षांत टँकर गेला का ते पाहा. तिथेही बंद झाला असेल, तर श्रेय पावसाचं असू शकतं आणि तुमचा दावा तेवढा मागे घ्यावा लागेल. तिथे चालू असेल, तर असं लिहा : ‘टँकर लागणाऱ्या पाच वाड्यांपैकी चारमध्ये सलग तीन उन्हाळे टँकर लागला नाही, शेजारच्या, काम न झालेल्या वाडीत तो चालू आहे. पाचव्या वाडीत नळयोजना आल्याने ती धरलेली नाही.’

‘टँकरमुक्त’ हा शब्द मात्र टाळा. तो पुढच्या मे महिन्याचीही हमी देतो.

प्रश्न : कंपनी आणि फाउंडेशन, दोन्हीकडे एकच बायोडाटा पाठवला तर चालतो का?

आकडे तेच ठेवा, क्रम बदला. कंपनीसाठी काम, पैसा, वेळ आणि कागदपत्रं आधी येऊ द्या. सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआरचं बंधन असलेल्या कंपन्यांना एक कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून, काम संपून वर्ष झाल्यावर करून घ्यावं लागतं. अशा मूल्यमापनाला तुम्ही सामोरे गेला असाल, त्यांना याद्या आणि नोंदी पुरवल्या असतील, तर ते ठळकपणे सांगा.

फाउंडेशनकडे बदल कसा झाला आणि कुठे झाला नाही, हे आधी विचारलं जातं. वर ज्यांनी टँकरबद्दल विचारलंय, त्यांनी फाउंडेशनसाठी त्या दोन धनगरवाड्यांपासून सुरुवात करावी : तिथे काय करून पाहिलं, टाकीपर्यंत सिमेंट कसं पोहोचवलं आणि आज विहीर कुठल्या सणापर्यंत टिकते.